तीन ऑर्डरी, प्रत्येक मर्यादेत, आणि तरीही साडेचौदा टक्के: ऑर्डर जाण्यापूर्वीच्या हिस्सा-तपासणीचे एक प्रकरण

हे प्रकरण एका लहान गुंतवणूक-प्रणालीचे आहे. मॉडेल ठरवते तसे शेअर विकत घेण्याचे आणि विकण्याचे काम ती आपोआप करते. ऑर्डर ब्रोकरकडे पाठवण्याआधी तिच्यात एक तपासणी होती आणि तिचे नियम दोनच होते. कोणत्याही एका शेअरचा हिस्सा पोर्टफोलिओच्या एकूण मूल्याच्या १०% पेक्षा जास्त होऊ नये, आणि कोणत्याही एका क्षेत्राचा हिस्सा २५% पेक्षा जास्त होऊ नये. तपासणी रोज चालत होती, नोंदी लिहीत होती आणि अधूनमधून ऑर्डरी नाकारतही होती. असे असूनही एका दिवसाच्या अखेरीच्या अहवालात एका शेअरचा हिस्सा १४.५% दिसला, आणि त्या दिवशी तपासणीने एकही ऑर्डर अडवलेली नव्हती.

आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी ते गोलाकार केले आहेत. चलन कोणते याने काहीही बिघडत नाही. सकाळी पोर्टफोलिओचे एकूण मूल्य १०,००,००० होते आणि त्यात २,००,००० रोकड होती. ज्या शेअरचा प्रश्न आहे त्याला STK1 म्हणू. त्याचे २८० शेअर २५० या भावाने हाती होते, म्हणजे ७०,०००, अर्थात ७%. हा शेअर ज्या क्षेत्रात मोडतो त्या क्षेत्राची एकूण गुंतवणूक २,१०,०००, म्हणजे २१% होती. मॉडेलने STK1 चे आणखी ३०० शेअर घ्यायचे ठरवले. मर्यादा मॉडेलला ठाऊक नव्हती आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती, कारण ते काम तपासणीकडे सोपवलेले होते. एवढी मोठी ऑर्डर एकदम बाजारात टाकली तर भाव हलेल म्हणून प्रणालीने तिचे १०० शेअरचे तीन तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे तपासणीसमोर ठेवला.

आम्ही पहिल्यांदा उघडली ती तपासणीची नोंदवही. त्यातल्या या तीन ओळी आहेत:

```
10:02:11.204  BUY STK1 100  before=7.00%  after=9.50%  PASS
10:02:11.391  BUY STK1 100  before=7.00%  after=9.50%  PASS
10:02:11.577  BUY STK1 100  before=7.00%  after=9.50%  PASS
```

या ओळी एकेक करून वाचल्या तर त्यांत चूक सापडत नाही. ७०,००० मध्ये २५,००० मिळवले की ९५,००० होतात, म्हणजे ९.५%, आणि ते १०% च्या आत आहे. एकीखाली एक ठेवून वाचल्या की दोष लगेच दिसतो. तिन्ही ओळींत before चा आकडा एकच आहे. पहिली ऑर्डर मंजूर होऊन ब्रोकरकडे गेली होती, पण तिचा सौदा अजून झाला नव्हता. तपासणी फक्त हाती असलेले शेअर मोजत असल्यामुळे दुसऱ्या ऑर्डरच्या वेळी तिच्या दृष्टीने काहीच बदललेले नव्हते. तिसऱ्या वेळीही तेच झाले. थोड्या वेळाने तिन्ही सौदे झाले आणि हाती ५८० शेअर आले. त्यांचे मूल्य १,४५,००० झाले, म्हणजे १४.५%. क्षेत्राचा हिस्साही २१% वरून २८.५% वर गेला, म्हणजे एकाच वेळी दोन्ही मर्यादा ओलांडल्या गेल्या. मॉडेलने ३०० शेअरची एकच ऑर्डर पाठवली असती तर हीच तपासणी तिला क्षणात नाकारती. ऑर्डरचे तुकडे केल्यामुळेच मर्यादा निष्प्रभ ठरली.

पुढे जाण्याआधी त्याच्या दुसऱ्या दिवशीचा एक प्रसंग सांगायला हवा, कारण त्यातून तपासणीचा निराळा दोष उघडा पडला. १४.५% पाहून पोर्टफोलिओ सांभाळणाऱ्या सहकाऱ्याने हिस्सा हळूहळू कमी करायचे ठरवले आणि १०० शेअर विकण्याची ऑर्डर दिली. तपासणीने ती नाकारली. विक्रीनंतर ४८० शेअर उरले असते, त्यांचा हिस्सा १२% झाला असता, आणि १२% हा १०% पेक्षा जास्त आहे. नियम असा लिहिलेला होता की ऑर्डरनंतरचा हिस्सा मर्यादेपेक्षा जास्त असेल तर ऑर्डर थांबवायची. ती ऑर्डर हिस्सा वाढवते की कमी करते, हा प्रश्न नियमात विचारलेलाच नव्हता. त्यामुळे मर्यादेबाहेर गेलेल्या शेअरमधून बाहेर पडायचे तर एकाच फटक्यात किमान १८० शेअर विकणे एवढाच मार्ग उरला होता, आणि भाव हलू नये म्हणून ज्या प्रणालीत ऑर्डरीचे तुकडे केले जातात तिथे हे उलटेच होते. दुरुस्ती एका अटीची होती. ऑर्डर हिस्सा वाढवत असेल आणि वाढल्यावर तो मर्यादेबाहेर जात असेल, तरच ती नाकारायची. ही अट एरवीही लागते. कोणतीही खरेदी न करता नुसत्या भाववाढीनेही एखादा शेअर ९.८% वरून १०.६% वर जाऊ शकतो, आणि अशा वेळी तपासणीने नवी खरेदी रोखावी पण विक्रीच्या वाटेत येऊ नये.

आता मूळ दोषाकडे वळतो. पहिला उपाय उघड होता: प्रलंबित ऑर्डरीही मोजायच्या. त्या कशा मोजायच्या यावर मात्र आमच्यात दोन दिवस चर्चा चालली. पहिल्या मसुद्यात निव्वळ बेरीज होती, म्हणजे प्रलंबित खरेदी मिळवायची आणि प्रलंबित विक्री वजा करायची. हिशेब म्हणून हे स्वाभाविक वाटते. हा मसुदा लगेच चालू न करता आम्ही जुन्या ऑर्डरी त्याच्यावर पुन्हा चालवून पाहिल्या, आणि तिथे तो फसला. एका दिवशी क्षेत्राचा हिस्सा २४% असताना मॉडेलने त्याच क्षेत्रातला एक शेअर ३०,००० चा विकून दुसरा ३०,००० चा घ्यायचे ठरवले होते. निव्वळ बदल शून्य असल्याने मसुद्याने दोन्ही ऑर्डरी मंजूर केल्या. विक्रीची ऑर्डर बाजारभावापेक्षा वरच्या भावाला लावलेली होती, त्यामुळे ती दिवसभर तशीच पडून राहिली. खरेदी मात्र लगेच झाली आणि क्षेत्राचा हिस्सा २७% वर गेला.

म्हणून शेवटी ठरलेला नियम एकतर्फी आहे. प्रलंबित खरेदी पूर्ण झालीच असे धरायचे आणि प्रलंबित विक्री झालीच नाही असे धरायचे. तपासणीला ज्या शक्यतेची काळजी घ्यायची असते ती नेमकी हीच असते. याची किंमतही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. क्षेत्र मर्यादेच्या जवळ असेल तर एकाच क्षेत्रातली अदलाबदल आता दोन पावलांत करावी लागते: आधी विक्री, तिचा सौदा झाल्याची खात्री, आणि मग खरेदी. मधल्या वेळात भाव सरकला तर तो तोटा पोर्टफोलिओला सोसावा लागतो. सौदे हाताळणाऱ्या सहकाऱ्यांनी यावर नाराजी व्यक्त केली आणि ती रास्त होती. माझे मत असे की मर्यादेपासून दूर असलेल्या क्षेत्रात ही अडचण येतच नाही, आणि जिथे ती येते तिथे थांबणेच योग्य असते.

नियम ठरल्यावर हिशेब थोडक्यात असा मांडता येतो:

```
room_stock  = cap_stock  * nav - held(stock)  - open_buys(stock)
room_sector = cap_sector * nav - held(sector) - open_buys(sector)
max_qty     = floor(min(room_stock, room_sector) / price)
```

म्हणजे आधी शेअरमध्ये किती वाव उरला आहे ते काढायचे, मग क्षेत्रात किती उरला आहे ते काढायचे, आणि दोहोंपैकी जो कमी असेल त्यात बसतील तेवढेच शेअर मंजूर करायचे. यातल्या प्रत्येक राशीत एक प्रश्न दडलेला आहे, पण nav आणि price या दोन ठिकाणी आम्ही प्रत्यक्षात अडखळलो.

nav म्हणजे पोर्टफोलिओचे एकूण मूल्य, हिस्सा काढतानाचा भाजक. रोकड देऊन शेअर घेतला तर पोर्टफोलिओचे एकूण मूल्य, दलाली सोडली तर, बदलत नाही, कारण रोकड कमी होते आणि शेअर तेवढेच वाढतात. म्हणून ऑर्डरची रक्कम अंशात मिळवायची, भाजकात नाही. शेअरच्या तपासणीत हे बरोबर लिहिलेले होते. क्षेत्राची तपासणी दुसऱ्या कोणीतरी नंतर लिहिली होती, आणि तिथे ऑर्डरची रक्कम भाजकातही मिळवलेली निघाली. क्षेत्र २१% असताना खरा वाव ४०,००० चा होता, पण त्या सूत्राने ५३,३३३ पर्यंतची खरेदी मंजूर झाली असती आणि क्षेत्राचा खरा हिस्सा २६.३% वर गेला असता. ही चूक नोंदवहीत सहसा दिसत नाही, कारण लहान ऑर्डरीत फरक दशांशाच्या पुढच्या स्थळी असतो. ऑर्डर मोठी झाली की तो मर्यादेच्या पलीकडे जातो. ओळखण्याचा मार्ग सोपा आहे: सौदा झाल्यावर प्रत्यक्ष हिस्सा मोजायचा आणि तो तपासणीने आधी लिहिलेल्या after शी ताडून पाहायचा. तपासणीचा आकडा दरवेळी थोडासा कमीच येत असेल, तर भाजक फुगवला जात आहे असे समजावे. कर्ज काढून गुंतवणूक करणाऱ्या पोर्टफोलिओत भाजक म्हणून कर्ज वजा केलेले निव्वळ मूल्यच घ्यावे. तसे न केले तर जेवढे कर्ज जास्त तेवढी मर्यादा सैल होत जाते.

price चा प्रश्न वेगळा आहे. मर्यादित भावाच्या ऑर्डरीत निदान खरेदीचा कमाल भाव ठरलेला असतो. बाजारभावाच्या ऑर्डरीत तोही नसतो, आणि तपासणीच्या वेळचा शेवटचा भाव व सौद्याचा भाव यांत अंतर पडू शकते. आम्ही शेवटच्या भावात २% वाढ धरायचे ठरवले आणि हाती असलेले STK1 चे शेअरही त्याच वाढीव भावाने मोजायचे ठरवले. भाव खरोखर चढला तर जुन्या शेअरचे मूल्यही चढते, हे विसरून चालत नाही. तेव्हा पोर्टफोलिओचे एकूण मूल्यही किंचित वाढते, पण ते आम्ही मुद्दाम धरले नाही, कारण त्यामुळे उत्तर सावध बाजूला झुकते. २% हा आकडा सर्वांना लागू पडेल असा नाही. ज्या शेअरमध्ये उलाढाल कमी असते त्याला तो अपुरा पडेल. शेवटचा भाव किती जुना आहे हेही पाहावे लागते. भाव ठरावीक सेकंदांपेक्षा जुना असेल तर खरेदी नाकारायची आणि विक्री जाऊ द्यायची, एवढा नियम आम्हाला पुरला.

वाढीव भाव २५५ धरला तर २८० शेअरचे ७१,४०० होतात आणि १,००,००० च्या मर्यादेत २८,६०० चा वाव उरतो. क्षेत्राचा वाव ३८,६०० येतो, म्हणून बांधणारी मर्यादा शेअरचीच ठरते. २८,६०० मध्ये २५५ च्या भावाने ११२ शेअर बसतात. मॉडेलने मागितलेल्या ३०० पैकी त्या सकाळी ११२ च घेता आले असते.

सूत्र बरोबर असले तरी ते केव्हा चालते यावरही बरेच अवलंबून असते. आमच्या नोंदीतल्या तीन ऑर्डरींमध्ये १८६-१८७ मिलिसेकंदांचे अंतर होते. दोन ऑर्डरी खरोखर एकाच क्षणी आल्या, तर दोघी एकाच वेळी वाव पाहतील, दोघींना तो पुरेसा दिसेल आणि दोघी तो वापरतील. म्हणून वाव पाहणे आणि तो राखून ठेवणे ही दोन कामे एकाच कुलपाखाली, मध्ये कोणालाही येऊ न देता व्हायला हवीत. राखीव नोंद ऑर्डर ब्रोकरकडे जाण्यापूर्वीच व्हावी. ब्रोकरचे उत्तर आल्यावर ती करायची म्हटले, तर मधल्या वेळाची फट पुन्हा उघडते.

राखून ठेवलेला वाव परत मोकळा करणे हे यातले सर्वांत किचकट काम निघाले. ऑर्डर रद्द झाली, ब्रोकरने नाकारली किंवा दिवसअखेरीस तिची मुदत संपली, तर राखीव रक्कम सोडायची असते. अंशतः सौदा झाला, म्हणजे १०० पैकी ४० शेअर मिळाले, तर राखीव नोंदीतून ४० कमी करायचे आणि हाती ४० वाढवायचे, आणि हे दोन्ही एकाच नोंदीने करायचे. आमच्या पहिल्या प्रयत्नात ही दोन कामे वेगवेगळ्या ठिकाणी होत होती. राखीव नोंद आधी कमी व्हायची आणि हातातील शेअर क्षणभराने वाढायचे. त्या क्षणापुरते ते ४० शेअर कुठेच मोजले जात नव्हते, म्हणजे जुनाच दोष लहान रूपात परत आला होता. क्रम उलटा केला तर ते क्षणभर दोनदा मोजले जातात. त्यात एखादी ऑर्डर विनाकारण नाकारली जाईल, पण मर्यादा ओलांडली जाणार नाही. दोन्ही कामे एकत्र करणे जमत नसेल, तर हाच क्रम पत्करावा.

याच्या उलट दोष म्हणजे न सुटलेली राखीव रक्कम. ब्रोकरकडून रद्द झाल्याचा संदेश हरवला तर ती नोंद तशीच राहते, वाव हळूहळू आक्रसत जातो आणि हिस्सा जेमतेम ६% असलेल्या शेअरचीही खरेदी नाकारली जाऊ लागते. हा दोष सुरक्षित असतो, पण लोक त्याला कंटाळून तपासणीच बंद करतात, आणि तो धोका मोठा आहे. म्हणून ठरावीक वेळाने ब्रोकरकडील उघड्या ऑर्डरींची यादी मागवून आपल्या राखीव नोंदींशी ताडून पाहावी लागते.

क्षेत्राबद्दल थोडे. शेअरचा भाव बाजारातून येतो, पण त्याचे क्षेत्र एका तक्त्यातून येते, आणि तो तक्ता कोणीतरी माणसांनी ठरवलेला असतो. एमएससीआय आणि एस अँड पी यांच्या जागतिक वर्गीकरणात मार्च २०२३ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड माहिती-तंत्रज्ञानातून वित्त क्षेत्रात गेल्या. असा बदल झाला की एकही ऑर्डर न देता क्षेत्राचा हिस्सा मर्यादेबाहेर जाऊ शकतो. वर सांगितलेली ‘हिस्सा वाढवत असेल तरच नाकारा’ ही अट इथेही उपयोगी पडते. तक्त्यात नोंदच नसलेल्या शेअरला आमची जुनी तपासणी क्षेत्र नाही असे समजून सरळ सोडून देत होती. आता अशा सर्व शेअरांची मिळून एक अनामिक टोपली धरली जाते आणि तिला ५% ची स्वतंत्र मर्यादा आहे. एकाच कंपनीची दोन चिन्हे असतात हेही ध्यानात ठेवायला हवे. GOOG आणि GOOGL ही एकाच अल्फाबेटची आहेत, आणि तपासणी चिन्हावर चालली तर १०% ची मर्यादा नकळत २०% ची होते. हिशेब कंपनीवर करावा.

सगळ्या दुरुस्त्या झाल्यावर आम्ही त्या सकाळच्या तीन ऑर्डरी नव्या तपासणीवर पुन्हा चालवल्या:

```
BUY STK1 100  before=7.14%  after=9.69%   PASS
BUY STK1 100  before=9.69%  after=12.24%  max_qty=12  REJECT min_size
BUY STK1 100  before=9.69%  after=12.24%  max_qty=12  REJECT min_size
```

दुसऱ्या ऑर्डरीला १२ शेअर मंजूर करता आले असते, पण एवढ्या लहान सौद्याला दलाली परवडत नाही म्हणून २० शेअरपेक्षा कमी उरल्यास ऑर्डर पूर्ण नाकारायची असे ठरवले आहे. तिसऱ्या ओळीतला before दुसरीसारखाच पाहून एका सहकाऱ्याला जुना दोष परतला असे वाटले. तसे नव्हते. दुसरी ऑर्डर नाकारली गेल्यामुळे तिच्या नावे काहीच राखून ठेवलेले नव्हते, म्हणून आकडा सारखाच असणे बरोबर होते. ही शंका नोंद वाचूनच मिटावी म्हणून त्या दिवसापासून प्रत्येक ओळीत हाती असलेले आणि राखीव असलेले असे दोन आकडे वेगवेगळे लिहिले जातात.